स्थूल की सूक्ष्म? वऱ्हाडीतल्या ‘ळ’साठी ध्वनिलेखन किती बारीक करायचं

अनघा_वर्धा (धागाकर्ती)

नमस्कार. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो (डोळा–डोया, काळा–काया, सकाळ–सकाय) हे सगळ्यांना माहीत आहे. मला पाहायचंय की हा बदल कोणत्या शब्दांत, कोणत्या वयात आणि कोणत्या प्रसंगी टिकून आहे. तीन गावं, २४ भाषक, प्रत्येकाचं साधारण ४० मिनिटांचं बोलणं, म्हणजे एकूण १६ तास ध्वनिमुद्रण हाताशी आहे. लिहून काढायला आम्ही दोघी आहोत.

प्रश्न असा की मार्गदर्शक म्हणतात सगळं सूक्ष्म ध्वनिलेखनात लिहा, नंतर काय लागेल सांगता येत नाही. मैत्रीण म्हणते स्थूल पुरे, ‘ळ’ आणि ‘य’ एवढंच तर वेगळं दाखवायचंय. कोणाचं ऐकू? आणि सूक्ष्म म्हणजे नेमकं किती सूक्ष्म? प्रत्येक ‘त’खाली दंत्य खूण, प्रत्येक स्वराची लांबी, सगळंच?

---

देवनागरीप्रेमी

मला तर या चिन्हांची गरजच दिसत नाही. देवनागरी ही उच्चारानुसारी लिपी आहे. ‘काया’ ऐकू आलं तर ‘काया’ लिहा, ‘काळा’ ऐकू आलं तर ‘काळा’. देवनागरीत लिहिलं की स्थूल ध्वनिलेखन आपोआप झालंच. वाचणाऱ्यालाही सोपं, शोधायलाही सोपं.

---

मूर्धन्य

देवनागरीप्रेमी, तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे आणि अनघाताईंनी ते घ्यावंही. १६ तासांचं मुख्य लेखन देवनागरीतच व्हावं. पण ते स्थूल ध्वनिलेखन नव्हे. ‘चार गाई चार’ हे वाक्य घ्या. पहिला ‘चार’ संख्येचा, तालव्य, [tɕ]. दुसरा चारण्याचा, दंततालव्य, [ts]. कानाला सरळ वेगळे, लिपीत एकच. उलट बाजूने इ–ई आणि उ–ऊ लिपीत वेगळे, पण बोलताना त्या फरकावर अर्थ सहसा अवलंबून नसतो. ‘संप’, ‘संथ’ आणि ‘संशय’ या तिघांत अनुस्वार एकच, उच्चार मात्र [m], [n] आणि अनुनासिक [w̃]. म्हणजे लिपी काही ठिकाणी कमी सांगते, काही ठिकाणी जास्त. स्थूल लेखनात अर्थ बदलणारा प्रत्येक फरक एकदाच आणि नेमका दिसावा लागतो.

आता मूळ प्रश्न. स्थूल आणि सूक्ष्म ही विभागणी हेन्री स्वीट यांनी १८७७मध्ये मांडली. त्यात एक गोष्ट सहज निसटते. स्थूल लेखन ‘कमी कष्टाचं’ असलं तरी ‘कमी धाडसाचं’ नसतं. /kaɭa/ असं लिहिलं की या माणसाच्या बोलीत ‘ळ’ हा वेगळा स्वनिम आहे, असं तुम्ही विधान केलं. तो माणूस आयुष्यभर ‘काया’च म्हणत असेल आणि त्याची ‘माळ’ आणि ‘माय’ सारखीच ऐकू येत असतील, तर तुमचं स्थूल लेखन चुकीचं आहे. आणि तो फरक राखतो की नाही हे तर तुम्हाला अजून शोधायचं आहे.

म्हणून क्रम उलटा लावा. सुरुवातीला तीन गावांतून एकेक भाषक घ्या आणि त्याचे साधारण १५० शब्द शक्य तितके बारकाईने लिहा. दंत्य खुणा, लांबी, अनुनासिकता, जे ऐकू येईल ते सगळं. हे लेखन नंतर आकडेमोडीसाठी नाही, बोलीची व्यवस्था कळावी म्हणून आहे. कोणते फरक अर्थ बदलतात, कोणते आजूबाजूच्या ध्वनींमुळे होतात, हे त्यातून उमगतं. मग स्थूल लेखनाचे नियम पक्के करा. त्यानंतर १६ तासांत सूक्ष्म नजर फक्त ‘ळ’च्या जागांवर.

मार्गदर्शकांचा सल्ला पूर्ण पाळायचा तर हिशेब असा. बोलण्याच्या एका मिनिटाला बारीक लेखनाचा एक तास धरला तरी ९६० तास. रोज चार तास दोघींनी केलं तर प्रत्येकी १२० दिवस. देवनागरी लेखनाला मिनिटामागे सहा मिनिटं धरा, ९६ तास होतात. आणि प्रत्येक भाषकाचे ६० ‘ळ’ म्हटले तर १४४० नमुने. प्रत्येकाला दीड मिनिट दिलं तर ३६ तास. वेळ या ३६ तासांवर खर्च करा, ते दोनदा करा.

---

सुहास७२

चांगला विषय. आमच्या संस्थेच्या पाट्यांवर गावांची नावं रोमन लिपीत लिहिताना हाच वाद होतो. ‘ळ’ साठी L की LL? ‘यवतमाळ’मध्ये शेवटी L लिहितात, मग ‘ळ’ कळत नाही. याला स्थूल म्हणायचं का?

---

मूर्धन्य

सुहासराव, तो प्रश्न वेगळा, लिप्यंतराचा. तिथे एका लिपीतलं अक्षर दुसऱ्या लिपीत न्यायचं असतं. यवतमाळचा माणूस प्रत्यक्षात ‘यवतमाय’ म्हणाला तरी पाटी बदलत नाही. इथे विशिष्ट माणसाच्या विशिष्ट उच्चाराबद्दल चाललंय. वेगळा धागा काढलात तर तिथे बोलू.

---

ऊनपाऊस

पोरी, तुमी ज्या गावात गेल्या तिथं कोनाशी बोलल्या अन् कुठं बोलल्या हे आदी लिवून ठेव. आमच्याइकडं एकच मानूस वावरात ‘सकाय’ म्हनते अन् तहसिलात ‘सकाळ’. हातात कागद देऊन शब्द वाचाले लावले तर सारेच ‘ळ’ म्हनतीन. कागदावरच ‘ळ’ छापलेला असते नं!

---

अनघा_वर्धा

ऊनपाऊस काका, हे फार कामाचं सांगितलंत. आम्ही शब्दयादी वाचून घेतली नव्हती, गप्पा आणि चित्रं दाखवून नावं सांगायला लावलं होतं. प्रत्येक ध्वनिफितीत ‘गप्पा’ आणि ‘चित्रं’ हे भाग वेगळे आहेत.

मूर्धन्य सर, एक वाक्य नमुन्यादाखल सोडवून दाखवाल का? एका आजींच्या बोलण्यातलं आहे: ‘काळी गाय नळाजवळ उभी होती.’ तीन ‘ळ’ आहेत आणि तिन्ही मला ‘य’सारखे वाटतात, पण एकसारखे नाही वाटत.

---

मूर्धन्य

वाक्य चांगलं सापडलं. त्यात मुळातला ‘य’ही आहे, ‘गाय’मध्ये, म्हणजे तुलनेला माप तिथेच आहे. फीत मी ऐकलेली नाही, तेव्हा खालच्या ओळींतला उच्चार ‘असं ऐकू आलं असं समजू’ या अर्थाने घ्या.

प्राट या ध्वनी तपासायच्या सॉफ्टवेअरमधल्या टेक्स्टग्रिडमध्ये एकाखाली एक असे चार स्तर करा. वरचा स्तर देवनागरीचा: काळी गाय नळाजवळ उभी होती. इथे प्रमाण लेखनच ठेवा, ‘काई’ किंवा ‘नयाजवय’ लिहू नका, नाहीतर नंतर ‘ळ’चे सगळे शब्द शोधता येणार नाहीत.

दुसरा स्तर स्थूल:

/kaɭi ɡaj nəɭadzəʋəɭ ubʱi ɦoti/

लक्षात घ्या, यात लांबीची खूण नाही, ‘त’खाली दंत्य खूणही नाही. मराठीत [a] आणि [ə] हे गुणानेच वेगळे आहेत, लांबी न लिहिता गोंधळ होत नाही. मूर्धन्य ‘ट’ला ʈ हे स्वतंत्र चिन्ह आहे, म्हणून नुसता t म्हणजे दंत्य असं एकदा नियमपत्रकात लिहिलं की पुरे. ते पत्रक लेखनाचाच भाग. ते जोडलेलं नसेल तर वाचणाऱ्याला t म्हणजे दंत्य की इंग्रजीसारखा दंतमूलीय हे कळायला मार्ग नाही.

तिसरा स्तर फक्त ‘ळ’चा. त्यात तीन छोटे तुकडे: ‘काळी’मध्ये काहीच नाही, दोन स्वर थेट जोडलेले, ‘नळा’मध्ये सैल [j̞], ‘जवळ’च्या शेवटी [e̯]. प्रत्येक तुकड्याला एक आकडा: १ म्हणजे स्पष्ट [ɭ], २ म्हणजे मूर्धन्य नसलेला [l], ३ म्हणजे [j] किंवा त्याच जातीचा सरकता स्वर, ० म्हणजे लोप, ९ म्हणजे ठरवता येत नाही. ९ हा आकडा मोकळेपणाने वापरा. तो नसला की शंकेचे नमुने जिकडे मनाचा कल तिकडे जातात. चौथा स्तर टिपणांसाठी: कोंबडा आरवला, दोघे एकदम बोलले, हसत बोलल्या.

हेच वाक्य पूर्ण सूक्ष्म लिहिलं तर असं होईल:

[kaˑi ɡaːe̯ nəj̞aːd̪z̪əʋəe̯ ubi ɦot̪i]

यात ‘आ’ची लांबी, ‘गाय’चा शेवट, ‘ज’ची दंत्यता, ‘उभी’तला हरवलेला महाप्राण, ‘होती’चा दंत्य ‘त’ असे आणखी पाच निर्णय आले आणि तुमच्या प्रश्नाला त्यांतला एकच लागतो, ‘गाय’चा. ‘उभी’चं [ubi] होणं हा स्वतःच चांगला विषय आहे, मराठीत शब्दाच्या आत महाप्राण विरळ होतो. पण तो इकडे अर्ध्या लक्षाने लिहिला तर नंतर त्यावर कोणी विश्वास ठेवू शकणार नाही. लक्ष नसताना केलेलं सूक्ष्म लेखन आणि लक्षपूर्वक केलेलं सूक्ष्म लेखन पानावर सारखंच दिसतं, हा त्याचा मोठा धोका आहे.

---

संकेतक

मी उच्चारकोश आणि वाक्-ओळख या बाजूने लिहितोय. माझं मत स्पष्ट आहे: हाताने सूक्ष्म लेखन आता करू नये. स्थूल उच्चारकोश द्यावा, स्वयंचलित संरेखन करून सीमा मिळवाव्यात आणि मोजमाप प्राटने करावं. चिन्हं जितकी जास्त, तितके प्रत्येक चिन्हाचे नमुने कमी आणि प्रारूप कच्चं. अमेरिकन इंग्रजीच्या TIMIT संचात ६३० भाषकांची ६३०० वाक्यं ६१ चिन्हांनी लिहिलेली आहेत. स्फोटकाची बंद अवस्था वेगळी, स्फोट वेगळा इतकं बारीक. पण ओळखीच्या चाचणीत बहुतेक लोक ती ३९ वर आणूनच गुण मोजतात.

---

मूर्धन्य

TIMITचं उदाहरण तुमच्या विरुद्ध जातं असं मला वाटतं. ६१ची ३९ करता आली कारण आधी ६१ होती. ३९वरून ६१ला परत जाता येत नाही. पण त्यावर अडून बसत नाही, कारण ‘सगळं सूक्ष्म लिहू नका’ हे आपण दोघंही म्हणतोय.

इथे खरी अडचण संरेखनाची आहे. कोशात ‘काळा’चा उच्चार एकच दिला, तर यंत्र आजींच्या [kaja] मध्येही कुठेतरी ɭ बसवणारच. त्याला ‘इथे ɭ नाही’ म्हणण्याची सोयच नाही. मग तुम्ही त्या ɭची लांबी मोजता आणि आकडे छान दिसतात, मोजलेला ध्वनी मात्र मुळात नव्हताच. पर्याय द्यावे लागतात:

```
काळा   k a ɭ a
काळा   k a l a
काळा   k a j a
काळा   k a a
```

आणि तरीही, नेहमीच्या तीन अवस्थांच्या प्रारूपात १० मिलिसेकंदांच्या चौकटी असतील तर कोणताही ध्वनी ३० मिलिसेकंदांपेक्षा लहान होऊ शकत नाही. वेगाने बोलताना दोन स्वरांमधला ‘ळ’ त्याच्या आसपासच असू शकतो. यंत्राने दिलेली सीमा ठीक ३० दिसली की ती नजरेने तपासा.

---

संकेतक

पर्यायी उच्चारांचं मान्य, ते मी लिहायला हवं होतं. फक्त एक जोडतो. यंत्राने चारपैकी कोणता पर्याय निवडला याला निष्कर्ष मानू नका. स्वरांमधला j आणि लोप यांत ते फार चुकतं. नमुने शोधून काढायला वापरा, वर्गीकरण कानाने.

---

वाचा_उपचार

माझा प्रांत लहान मुलांच्या उच्चारदोषांचा आहे. तिथे ‘स्थूल पुरे’ हे चालत नाही, म्हणून हे लिहिते. पाच वर्षांचं मूल ‘साप’ म्हणताना जीभ दातांमध्ये आणतं आणि [θaːp] म्हणतं. मराठी कानाला ते ‘थाप’ ऐकू येतं, कारण आपल्याकडे θ नाहीच. स्थूल लिहिणारा ‘स’च्या जागी ‘थ’ अशी नोंद करतो आणि अर्थ होतो की मूल घर्षक ध्वनीचा स्फोटक करतंय. प्रत्यक्षात मूल घर्षकच काढतंय, फक्त जिभेची जागा पुढे सरकली आहे. दोन्हींचे उपचार वेगळे. पहिल्यात घर्षण शिकवायचं, दुसऱ्यात फक्त जीभ मागे न्यायची. हवा कडेने जाणारा ‘स’ असेल तर तेही लिहावं लागतं. त्यासाठी १९९०पासून आंतरराष्ट्रीय वर्णमालेला जोडचिन्हं आहेत.

आणखी अवघड म्हणजे लपलेला फरक. मूल ‘काका’ आणि ‘ताता’ दोन्ही आपल्याला ‘ताता’ ऐकू येईल असं म्हणतं, पण मोजलं तर दोन ‘त’ वेगळे निघू शकतात. म्हणजे मुलाच्या मनात फरक आहे, आपल्या कानापर्यंत पोचत नाही. इथे सूक्ष्म लेखनही कमी पडतं, कारण तेही कानानेच केलेलं असतं.

---

अनघा_वर्धा

वाचा_उपचार ताई, ‘कानानेच केलेलं’ हे वाचून मला माझ्याच ‘काळी’बद्दल शंका आली. मी ० लिहिलं, मैत्रिणीने त्याच जागी ३ लिहिलं. वाटलं तर १ही लिहिला असता, असंही ती म्हणाली. वाक्य शंभर वेळा ऐकलं तरी एकमत होत नाही. ती पुण्याची आहे, मी वर्ध्याची. याचा काही संबंध?

---

मूर्धन्य

संबंध आहेच. प्रत्येकीचा कान आपल्या बोलीतल्या खोक्यांत ध्वनी टाकतो. पण तुमचं ‘काळी’ मुळातच सगळ्यात वाईट जागी आहे. ‘ळ’च्या पुढे ‘ई’. [j] म्हणजे जवळजवळ व्यंजनाच्या जागी वापरलेली ‘ई’च. ‘ई’ला लागून [j] आला तर त्याला स्वतःचं काही वेगळं रूप उरत नाही. ‘केळी’, ‘पिवळी’, ‘दिवाळी’ इथे दोघींचं मत सगळ्यात जास्त फाटेल. ‘काळा’, ‘गळा’, ‘नळा’ इथे कमी. तेव्हा निकाल सांगताना पुढचा स्वर हा वेगळा स्तंभ करा. नाहीतर ‘ईकारापूर्वी ळचा लोप जास्त’ असं निघेल आणि तो बोलीचा गुण की कानाची मर्यादा हे सांगता येणार नाही.

अशा जागी वर्णपटाची मदत घ्या. प्राटमध्ये फॉर्मंटची कमाल मर्यादा पुरुषांसाठी ५००० हर्ट्झ, बायकांसाठी ५५००, पाच फॉर्मंट. मूर्धन्य ध्वनीची खूण तिसऱ्या फॉर्मंटचं खाली झुकणं ही आहे आणि ती ध्वनीच्या आधीच्या स्वराच्या शेवटी जास्त दिसते, नंतरच्या स्वरात कमी. म्हणून ‘काळी’त ‘का’चं शेपूट पाहा, ‘ई’चं तोंड नाही. [j] असेल तर दुसरा फॉर्मंट वर चढतो, तिसरा खाली येत नाही. दोन्ही नाही आणि तीव्रतेतही दरी नाही, तर ०. ‘ई’शेजारी दुसरा फॉर्मंट आधीच वर असतो, त्यामुळे तिथे तिसऱ्यावरच भिस्त. त्यातूनही ठरत नसेल तर ९.

मतभेद मोजा, लपवू नका. समजा दोघींनी २०० नमुने स्वतंत्रपणे ऐकले आणि तूर्त दोनच वर्ग केले, पार्श्विक आणि अपार्श्विक. ९० मध्ये दोघी पार्श्विक म्हणाल्या, ८० मध्ये दोघी अपार्श्विक, २० मध्ये फक्त तुम्ही पार्श्विक म्हणालात, १० मध्ये फक्त मैत्रीण. एकमत १७०, म्हणजे ०.८५. पण योगायोगानेही काही एकमत होतंच. तुम्ही ११० वेळा पार्श्विक म्हणालात, तिने १००. योगायोगाचं एकमत ०.५५ × ०.५० + ०.४५ × ०.५० = ०.५०. कोहेनचा कापा (०.८५ − ०.५०) ÷ (१ − ०.५०) = ०.७०. पाचही आकडे धरून हाच हिशेब केलात तर तो बहुधा उतरेल. एकमत आणि कापा, दोन्ही छापा. सूक्ष्म वर्गांत एकमत कमी असणं ही या कामाची नेहमीची गोष्ट आहे आणि वाचणाऱ्याला किती बारकाईपर्यंत भरवसा ठेवायचा हे त्यातूनच कळतं.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका. गावं वाटून घेऊ नका. एक गाव तुम्ही, दोन मैत्रिणीने असं केलं तर गावांमधला फरक आणि तुमच्या कानांमधला फरक वेगळे काढता येणार नाहीत. इंग्लंडमधली बोलींची मोठी पाहणी १९५० ते १९६१ मध्ये ३१३ ठिकाणी झाली. तिथे वेगवेगळ्या क्षेत्रकार्यकर्त्यांनी कागदावर थेट बारीक ध्वनिलेखन केलं होतं. नंतर नकाशांवर काही सीमारेषा अशा दिसल्या की त्या बोलींच्या नसून एका कार्यकर्त्याची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होण्याच्या होत्या. म्हणून प्रत्येक गावातले अर्धे भाषक तुम्ही, अर्धे तिने, आणि २०० नमुने दोघींनी.

ऐकताना वरचा देवनागरी स्तर झाका. ‘काळी’ डोळ्यांसमोर असताना कान ‘ळ’ शोधतो. शब्दाभोवतीचा एकेक सेकंद कापून, भाषकाचं वय आणि गाव काढून टाकून, क्रम उलटसुलट करून ऐका. आणि सगळं संपल्यावर पहिले १०० नमुने परत आकडे न बघता करा. महिनाभरात कानाचा निकष सरकतो.

---

टंकलेखक_मी

तांत्रिक गोष्ट, पण याने काम अडतं. अनुनासिक ã दोन प्रकारे टंकित होतो: एकच संकेतांक U+00E3, किंवा a आणि त्यावर U+0303. दिसायला सारखे, शोधताना वेगळे. ə̃ला मात्र एकसंध रूपच नाही. म्हणजे एकाच फायलीत काही स्वर जोडून, काही सुटे. तसंच कळफलकावरचा g आणि ध्वनिलिपीतला ɡ (U+0261) वेगळे. विसर्गासारखा : आणि लांबीचा ː (U+02D0) वेगळे. मूर्धन्य यांनी दिलेली ओळ आणि तुमची ओळ जुळत नसेल तर आधी हे तपासा. सूक्ष्मवरून स्थूल काढायला एवढं पुरेल:

```python
import re, unicodedata
def sthul(s):
    s = unicodedata.normalize("NFD", s)
    s = s.replace("g", "\u0261")
    return re.sub("[\u032A\u031E\u031F\u0320\u0325\u02D0\u02D1]", "", s)
```

हे दंत्य, खालावलेला, पुढे-मागे सरकलेला, अघोष झालेला या खुणा आणि लांबी काढतं. U+0324 मुद्दाम ठेवलंय. ते काढलं तर ‘म्ह’साठी लिहिलेला m̤ सरळ ‘म’ होतो आणि तो फरक मराठीत अर्थाचा आहे. U+0303 सुद्धा काढू नका.

---

मूर्धन्य

फार उपयोगी. फक्त एवढं ध्यानात घ्या की हे खुणा काढतं, विश्लेषण करत नाही. अनघाताईंच्या [nəj̞a] मधून ते [nəja] देईल, /nəɭa/ नाही. तिथे स्थूल काय लिहायचं हे माणसानेच ठरवायचं.

---

देवनागरीप्रेमी

मग त्या आजींसाठी स्थूल स्तरावर ɭ लिहायचा की j? तुम्हीच म्हणालात की त्या फरक राखत नसतील तर ɭ चुकीचा. आणि तुम्हीच वर /kaɭi/ लिहिलंत.

---

मूर्धन्य

बरोबर पकडलंत. मी तिथे प्रमाण मराठीची व्यवस्था गृहीत धरून लिहिलं, ते नियमपत्रकात सांगायला हवं. दोन मार्ग आहेत आणि अभ्यासकांत दोन्ही चालतात. पहिला, सगळ्या भाषकांसाठी एकच स्थूल चौकट, म्हणजे शब्द जुळवून तुलना करता येते. ही चौकट केवळ पत्ता आहे, कोणाच्या डोक्यातल्या व्यवस्थेबद्दलचं विधान नाही. दुसरा, प्रत्येक भाषकाची स्वतःची स्थूल चौकट, जी त्याच्या बोलीबद्दल खरी आहे पण तुलनेला अवघड. या कामाला मला पहिला सोयीचा वाटतो. दुसऱ्या मार्गाच्या बाजूने बोलणारेही चुकीचे नाहीत.

---

ऊनपाऊस

आजीले ‘माळ’ अन् ‘माय’ म्हनाले लावा नं. चित्र दाखवून. फुलाची माळ, अन् पोराची माय. दोनी सारखेच म्हनले तर समजा.

---

अनघा_वर्धा

हेच करते काका. ‘गाळ’ आणि ‘गाय’ही घालते. पुढच्या आठवड्यात परत जाणार आहोत. प्रत्येक शब्द वेगवेगळ्या वाक्यांत पाच वेळा येईल असं पाहीन आणि ‘माय’चा ‘य’ आणि ‘माळ’चा ‘य’ यांचा दुसरा फॉर्मंट वेगवेगळा मोजीन.

तोपर्यंत ठरवलेलं असं: १६ तास देवनागरीत, स्थूल स्तर फक्त ज्या उच्चारगटात ‘ळ’ आहे तिथे, १४४० नमुन्यांना आकडे, २०० दोघींनी. ‘सगळा’, ‘वेळ’ आणि ‘जवळ’ फार वेळा येतात, म्हणून एका भाषकाचा एक शब्द पाचपेक्षा जास्त मोजणार नाही.

अडलंय ते एवढंच. एका गावातल्या तीन मुलाखती फोनवर झाल्या आहेत. त्यांत तिसरा फॉर्मंट दिसेल का?

---

संकेतक

साधा फोन ३४०० हर्ट्झच्या वर काही पोचवत नाही. स आणि श यांतला फरक त्यात बराच बुडतो, पण तिसरा फॉर्मंट साधारण त्याखालीच असतो, तेव्हा ‘ळ’साठी अगदी निरुपयोगी नाही. मात्र मोबाइलचं संपीडन फॉर्मंटच्या रेषा हलवतं. त्या तिघांना वेगळी खूण करा आणि मोजमापात समोरासमोरच्या नमुन्यांत मिसळू नका.

---

मूर्धन्य

आणि त्या तीन फितींत २ हा वर्ग वापरू नका असं मी सुचवेन. [ɭ] आणि [l] वेगळे करण्याइतकी माहिती त्यात आहे याची खात्री देता येत नाही. १ आणि २ तिथे एकत्र धरा, ३ आणि ० एकत्र, बाकी ९. त्याच भाषकांपैकी एकाला समोर बसवून परत पाच मिनिटं घेता आली तर दोन्ही फितींतले तेच शब्द जुळवून पाहा, म्हणजे फोनने किती खाल्लं ते आकड्यात कळेल.

---

अनघा_वर्धा

एक काकू आठवडी बाजाराला वर्ध्यात येतात. त्यांना विचारते. जमलं तर दोन्ही फितींतले आकडे इथेच टाकते.